पोट 'साफ' करणाऱ्या पुडीत नेमकं काय असतं?

केडगाव स्टेशनच्या बाजूला माझं छोटंसं मेडिकल आहे. फार्मासिस्ट म्हणून रोज काउंटरवर उभा राहतो, त्यामुळे लोक काय मागतात त्यावरून गावात काय चाललंय ते कळतं. गेली काही वर्षं वीस-पंचविशीतली मुलं-मुली मोबाईलवर एखाद्या डब्याचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "भाई, हे मिळेल का?" डब्यावर हिरवी पानं, सपाट पोट आणि 'डिटॉक्स', 'कोलन क्लीन्स', 'पोटातला मळ बाहेर' असे शब्द. रमजान संपला की मागणी वाढते आणि लग्नसराईत त्याहून जास्त. बहुतेकांची तक्रार एकच असते: पोट फुगतं, कपडे घट्ट होतात, फोटोत पोट दिसतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. यातल्या बऱ्याचशा डब्यांत जुलाबाचं औषध असतं. जुलाबाचं औषध मीही विकतो आणि त्याची गरज असलेल्या माणसाला ते उपयोगी पडतं. माझा आक्षेप नाव बदलण्याला आहे. औषधाला 'जुलाब' म्हटलं की माणूस विचारतो, किती घ्यायचं, किती दिवस, कुणी घेऊ नये. त्यालाच 'डिटॉक्स' म्हटलं की हे तिन्ही प्रश्न गायब होतात.

'डिटॉक्स' म्हणजे विष बाहेर काढणं. मग कोणतं विष? २००९ मध्ये ब्रिटनमधल्या तरुण शास्त्रज्ञांच्या एका गटाने डिटॉक्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या १५ उत्पादनांच्या कंपन्यांना हेच विचारलं. आपलं उत्पादन नेमकं कोणतं विष काढतं आणि त्याचा पुरावा काय, याचं धड उत्तर कुणालाच देता आलं नाही. 'डिटॉक्स' या शब्दाचा अर्थही प्रत्येकाने वेगळा सांगितला. शरीरातले नकोसे पदार्थ निकामी करायचं आणि बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करत असतात. ती काम करेनाशी झाली तर माणूस दवाखान्यात असतो, डब्याची जाहिरात बघत बसत नाही.

आता पोट फुगतं म्हणजे काय होतं ते बघू. आपल्या केडगावच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात, म्हणून कांद्याचंच उदाहरण घेतो. कांद्यात आणि लसणात एक प्रकारची साखर असते, ती आपल्या लहान आतड्याला पचवता येत नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती खातात आणि त्यातून वायू तयार होतो. हरभरा, राजमा, चवळी यांचंही तेच. काहींना दूध पचत नाही, त्यांचं पोट दुधाने फुगतं. घाईघाईत जेवलं, सोड्याच्या बाटल्या प्याल्या, तर हवा पोटात जाते. पोट साफ नसेल तर वायू अडून राहतो. मुलींना पाळीच्या आधी फुगल्यासारखं वाटणं नेहमीचं आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी पोट फुगण्याची तक्रार असलेल्या लोकांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा त्यातल्या अनेकांच्या पोटात वायू फारसा जास्त नव्हता. श्वासपटल खाली सरकत होतं आणि पोटाचे स्नायू ढिले पडत होते, म्हणून पोट पुढे येत होतं. म्हणजे फुगलेलं पोट दिसलं की आत घाण साठली आहे, हा निष्कर्षच चुकीचा. यातल्या एकाही कारणात 'विष' नाही.

मग डब्यात असतं काय? लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा सोनामुखीचा पाला सापडेल. संस्कृत नाव स्वर्णपत्री, इंग्रजी लेबलवर सेन्ना, आणि आपल्या घरात सना मक्की. शेवटच्या नावामुळे आपल्या समाजात या पाल्याला वेगळा मान आहे. हदीसमध्ये उल्लेख आहे म्हणून सना मक्की घेतली की कितीही घ्या, नुकसान नाही, असं मला काउंटरवर अनेकांनी सांगितलंय. पण तो प्रसंग काय आहे ते बघा. हजरत अस्मा बिन्त उमैस यांना विचारलं गेलं की तुम्ही रेचक म्हणून काय घेता. त्यांनी एका तीव्र झाडाचं नाव सांगितलं आणि ते फार उष्ण असल्याचं त्यांना सांगण्यात आलं. त्यानंतर सनाचा उल्लेख येतो. म्हणजे तिथेसुद्धा विषय रेचकाचाच आहे, आणि तीव्र रेचक बरं नाही हे भानही त्यात आहे. रोज रात्री महिनाभर घेऊन पोट सपाट करण्याचा त्या प्रसंगाशी काहीही संबंध नाही. श्रद्धेचं नाव छापून डबा विकणाऱ्याला हा फरक सांगायची गरज वाटत नाही.

सोनामुखी काम कशी करते हे समजलं की जाहिरातीतली निम्मी हवा निघून जाते. तिच्यातले सेनोसाइड नावाचे घटक पोटात आणि लहान आतड्यात जवळपास तसेच राहतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूप बदलतात, आणि मग ते आतड्याच्या भिंतीला चिडवतात. आतडं जोरात आकुंचन पावतं. त्याच वेळी आतड्याने परत शोषून घ्यायचं पाणी आतच राहतं. म्हणून रात्री घेतलेली मात्रा ६ ते १२ तासांनी, सकाळी लागू पडते. पण आपण खाल्लेल्या अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. त्यामुळे जुलाबाने चरबी कमी होत नाही. काट्यावर जो एक-दीड किलो कमी दिसतो, तो बहुतांश पाणी आणि मळ असतो. दोन दिवस नीट खाल्लं-प्यायलं की वजन जागेवर येतं.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. २३ वर्षांची मुलगी, दोन महिन्यांवर निकाह. तिने ऑनलाइन एक डबा मागवला. रात्री एक चमचा कोमट पाण्यातून, असं १५ दिवस. पहिल्या सकाळी पाच वेळा जावं लागलं. पोट एकदम सपाट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्रीची मात्रा चुकली, कारण घरी पाहुणे होते. त्या दोन दिवसांत शौचाला झालंच नाही आणि पोट पुन्हा गच्च वाटायला लागलं. तिला वाटलं, मळ अजून बाकी आहे. तिने मात्रा दीड चमचा केली आणि पुढे एकही दिवस चुकवला नाही.

बाराव्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "भाई, पायात गोळे येतायत, कॅल्शियमची गोळी द्या." चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, "जुलाब होतायत का?" "होतायत ना, रोज चार-पाच वेळा. म्हणजे साफ होतंय." जिना चढताना मांड्या जड होतात आणि मधेच छाती धडधडते, हेही तिने विचारल्यावर सांगितलं. मी कॅल्शियम दिलं नाही, आजच्या आज डॉक्टरांकडे जा म्हणालो. रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम २.८ आलं. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. ईसीजी काढला, डबा बंद केला, पोटॅशियमचं औषध सुरू झालं. आठवड्याने आकडा जागेवर आला.

तो डबा मी नंतर मागवून बघितला. लेबलप्रमाणे ५ ग्रॅमच्या एका चमच्यात २ ग्रॅम सोनामुखी. चांगल्या पाल्यात साधारण अडीच टक्के सेनोसाइड धरले, तर एका चमच्यात ५० मिलिग्रॅम होतात. माझ्या दुकानातल्या बद्धकोष्ठाच्या गोळीत १२ मिलिग्रॅम असतात. म्हणजे ती मुलगी आधी रोज चार आणि नंतर सहा गोळ्यांइतका जुलाब घेत होती. युरोपातल्या औषध नियामकाचा सल्ला असा आहे की दिवसाला १५ ते ३० मिलिग्रॅम घ्यावेत, सहसा आठवड्यातून दोन-तीनदाच, आणि डॉक्टरांना न विचारता एक आठवड्याच्या पुढे जाऊ नये. तिच्या डब्यावर १५ दिवस रोज लिहिलं होतं. आणि पाल्यातलं प्रमाण प्रत्येक पोत्यागणिक बदलतं, त्यामुळे आज किती पोटात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

तिच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचे दिवस दुसरा आणि तिसरा. मोठं आतडं एकदा पूर्ण रिकामं केलं की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला न होणं अगदी साहजिक आहे. पण माणूस त्याला बद्धकोष्ठ समजतो आणि पुन्हा चमचा घेतो. डबा ज्या अडचणीवर विकला जातो ती अडचण तो स्वतःच तयार करतो. महिनोन्महिने घेणारी अनेक माणसं 'याच्याशिवाय मला होतच नाही' म्हणतात, तेव्हा त्यांनी मधले तीन दिवस कधी थांबून बघितलेलं नसतं.

पोटॅशियमचं असं आहे की जुलाबाबरोबर ते बाहेर जातं, आणि स्नायूंना ते लागतंच. हृदय हाही स्नायूच. म्हणून आधी पायात गोळे, मग अशक्तपणा, मग धडधड. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. घरात कुणी ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, हृदयाचं औषध चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर त्यांच्यासाठी हा चमचा जास्त धोक्याचा आहे, कारण अशा काही गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होतं. भाचीने मागवलेला डबा खालाने 'मलाही दे गं थोडं' म्हणून घेणं आपल्या घरात किती सहज होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आता त्या व्हिडिओंबद्दल. त्यात रबरासारखी, दोरीसारखी लांब घाण दाखवतात आणि म्हणतात, हा वर्षानुवर्षं आतड्याला चिकटलेला मळ. दुर्बिणीने आतडं तपासणाऱ्या डॉक्टरांना भिंतीला चिकटलेला असा थर सापडत नाही. आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, त्यावर वर्षानुवर्षं काही टिकणार कसं? मग ती दोरी येते कुठून? डब्यातूनच. अशा मिश्रणांत इसबगोल आणि बारीक माती असते. इसबगोल पाण्यात फुगून चिकट होतो, मातीबरोबर त्याचा लगदा बनतो आणि आतड्याच्या आकाराचा साचा होऊन बाहेर पडतो. खात्री हवी असेल तर दोन चमचे इसबगोल पेल्यात भिजवून अर्धा तास ठेवा.

काहीजण म्हणतील, पुडी नको, पण घरचा ताजा रस तर चालेल? पुण्यातल्या बागांच्या बाहेर सकाळी दुधीचा, कारल्याचा, गव्हांकुरांचा रस मिळतो आणि तोही शरीर साफ करण्याच्या नावाखाली. जून २०१८ मध्ये पुण्यात ४१ वर्षांच्या एका धडधाकट, नियमित धावणाऱ्या महिलेचा दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. रस प्यायल्यावर थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब सुरू झाले, आणि काही दिवसांत ती गेली. दुधी, काकडी, भोपळा यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू विष तयार होऊ शकतं. सगळ्या दुधीत नसतं, पण एखाद्यात भरपूर असतं, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. कळतं फक्त चवीने. दिल्लीतल्या अशाच एका मृत्यूनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली होती. तिचा सल्ला सोपा आहे: कडू लागलेला रस अजिबात पिऊ नका, दुसऱ्या रसात मिसळू नका, पोटात गेलाच आणि त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात.

गंमत म्हणजे हीच दुधी आपण दालच्यात खातो आणि काही होत नाही. कारण दालच्यात कडू फोड लागली की जेवणारा पहिल्या घासाला थांबतो. रस मात्र 'औषध आहे, कडूच असणार' असं म्हणून नाक दाबून गटागट प्याला जातो. म्हणजे इथे जीव घेतो तो 'कडू म्हणजे गुणकारी' हा समज. शिजवल्याने हे विष जात नाही, म्हणून दालच्यासाठी चिरतानाही एक छोटी चकती जिभेवर ठेवून बघा आणि कडू लागली तर थुंकून टाका.

डबा विकणारे एक नंबर दाखवून विश्वास मिळवतात. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर छापला आहे म्हणजे सरकारने तपासलंय, असं अनेकांना वाटतं. तो नंबर खाद्यपदार्थ बनवायचा किंवा विकायचा परवाना आहे. त्या डब्याने पोट सपाट होतं का, याची परीक्षा घेऊन तो दिलेला नसतो. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर असेल तर घटक आणि त्यांचं प्रमाण लेबलवर असायला हवं. प्रमाण न लिहिता नुसतं '१८ जडीबुटी' लिहिलेला डबा असेल तर तो बाजूला ठेवा. आतडी धुण्याच्या उपायांवर झालेला अभ्यास जगभरातच फार थोडा आहे आणि जो आहे तो लहान आणि कच्चा आहे. त्याच्या जोरावर असे दावे करता येत नाहीत.

मग पोट फुगत असेल तर करायचं काय? दोन आठवडे एका वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, पोट कधी फुगलं, शौचाला कधी झालं. बहुतेकांना कारण कागदावर सापडतं. दूध असेल तर आठवडाभर थांबवून बघा. कच्चा कांदा, राजमा असेल तर प्रमाण कमी करा. रमजानमध्ये इफ्तारला तळलेलं आणि सरबत पोटभर, सहरीला घाई आणि दोन्हीच्या मधे पाणी कमी, असं असेल तर ईदनंतर पोट कुरकुर करणारच. इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडं थोडं विभागून प्या आणि ताटात भाजी ठेवा. कडक बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल एका चमच्याने, भरपूर पाण्याबरोबर सुरू करा. पहिल्या आठवड्यात त्याने वायू थोडा वाढतो, घाबरू नका. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून रेचक घ्या, मोजून आणि थोडे दिवस.

आणि काही वेळा वही लिहीत बसू नका. वजन आपोआप घटतंय, शौचातून रक्त जातंय, उलट्या होतायत, रात्री पोटदुखीने जाग येते, तर थेट डॉक्टर. घरातल्या मोठ्या बायकांकडे विशेष लक्ष द्या. अम्मीचं वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि पोट फुगण्याचा त्रास नव्याने सुरू झाला असेल, महिन्यात १२ वेळांहून जास्त होत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, तर ते अंडाशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. बहुतेकींना तसं नसतं, पण सोनोग्राफी आणि रक्ततपासणीशिवाय ते ठरत नाही. आपल्या घरातल्या बायका पोटाखालच्या तक्रारी बोलायला लाजतात. अशा वेळी मुलाने प्रेमाने आणून दिलेला डिटॉक्सचा डबा म्हणजे तपासणी दोन-तीन महिने पुढे ढकलणं. या आजारात तेवढा उशीर महागात पडू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ग्रुपवर अशा डब्याची लिंक टाकली, तर एकच प्रश्न विचारा: यात सोनामुखी किती मिलिग्रॅम आहे? उत्तर आलं नाही तर पैसे वाचवा. उत्तर आलं तर तो आकडा घेऊन जवळच्या मेडिकलवर जा आणि किती गोळ्यांइतका जुलाब होतो ते विचारा. हिशेब करून द्यायला पैसे लागत नाहीत.